पस्तीस आणि छत्तीस

माझं अक्षर चांगलं आहे आणि त्यानेच माझं वाटोळं केलं. माझं म्हणजे खरं तर दुसऱ्याचं. माझं काय, मी आज जळगावच्या कचेरीत पंख्याखाली बसतो, बढती घेऊन बसतो, आणि नवीन पोरांना सांगतो की तक्ता कसा स्वच्छ हवा. हे सांगताना दर वेळी तोंड कडू होतं. पोरांना वाटतं, रुपचंद मास्तरांना पित्ताचा त्रास आहे.

गोष्ट एकोणीसशे बत्तीस सालची आहे. धुळ्याबाहेर सोनगीरच्या वाटेवर तेव्हा कापसाचा एक लहानसा चाचणी-मळा होता. आता तो नाही. गावोगावचे वाण आणायचे, शेजारी शेजारी पेरायचे, तीन वर्षं मापायचे आणि त्यातला एक निवडून त्याचं बी शेतकऱ्यांना वाटायचं, हा तिथला उद्योग. मी तिथे हिशेबनीस होतो. हंगामी. दर मार्चमध्ये कागद यायचा की पुढच्या मार्चपर्यंत राहा. चार मार्च असे काढले होते.

अभिमन आबा मळ्यावर आले ते एकोणतीसच्या उन्हाळ्यात. शिंदखेड्याच्या पुढच्या एका खेड्यातले, पन्नाशीचे, किडकिडीत, डोक्यावर मोठं पागोटं. दोन गोण्या सरकी त्यांनी स्वतः गाडीतून उतरवल्या आणि माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"मास्तर, हाई बी मना घरनं शे," ते म्हणाले. "मना वावरमा मर लागस. बठ्ठी कपाशी उभी सुकी जास. नऊ वरीस पहिले एक झाड तेवढं हिरवं राह्यनं. त्या झाडनं हाई बी."

मर हा कपाशीचा रोग. मातीत असतो. आज टवटवीत दिसणारं झाड चार दिवसांत मान टाकतं. त्यावर औषध नाही. आबांनी त्या एका झाडाची सरकी वेगळी ठेवली, दुसऱ्या वर्षी रोगट तुकड्यातच पेरली, जी झाडं जगली त्यांचीच पुन्हा ठेवली. नऊ वर्षं. गावात त्यांना लोक हसत. सरकीला गाठोड्यात बांधून उशाशी घेऊन निजतो म्हणत, आणि ते काही खोटं नव्हतं.

आमच्या मळ्याचा एक नियम होता. बी द्यायचं तर सगळं द्यायचं. घरी थोडं ठेवलं, ते इकडच्या तिकडच्या कपाशीत मिसळलं, आणि उद्या त्याच नावाने बाजारात भेसळ फिरली, तर तीन वर्षांच्या चाचणीवर पाणी. म्हणून मूळ बी एकाच जागी, मळ्यावर. वाण निवडला गेला की तो त्याच शेतकऱ्याला पहिल्यांदा परत मिळायचा, चोख आणि भरपूर. आबांना हा नियम मीच समजावून सांगितला.

"घर थोडं ठेवू का? मूठभर?" त्यांनी विचारलं.

"नाही आबा. मूठभरसुद्धा नाही. तुमचं बी चांगलं असेल तर गोणीभर परत येईल."

त्यांनी मान हलवली. आठवड्याने पुन्हा आले आणि फडक्यात बांधलेली एक पुरचुंडी माझ्या टेबलावर ठेवली. "भिकुबाईनी लपाडी ठेयेल व्हती," म्हणाले. भिकुबाई म्हणजे त्यांची बायको. नवरा बायकोचं भांडण झालं असणार, पण नियम म्हणजे नियम. मी पुरचुंडीची पावती लिहून दिली. छान अक्षरात.

त्यांच्या वाणाला सतरा नंबर मिळाला. तीन वर्षं आबा महिन्या-दीड महिन्याने यायचे, बांधावर उभे राहून सतरा नंबरकडे बघायचे आणि कोणाशी न बोलता परत जायचे. आमचा मुकादम झुलाल म्हणायचा, सासरी दिलेल्या पोरीला बाप बघायला येतो तसा हा येतो.

बत्तीसच्या फेब्रुवारीत शेवटचा तक्ता करायची वेळ आली. आठ वाण उरले होते. प्रत्येकाच्या पाचशे तोळे कापसातून हाताच्या रेच्यावर सरकी वेगळी करून रुई काढायची, रुई तोलायची, आणि रुईला कापसाच्या वजनाने भागायचं. तो भागाकार म्हणजे रुईचा उतारा. झुलाल रेचा फिरवायचा, मी तोलून वहीत मांडायचो. सतरा नंबरची रुई भरली १७७.४ तोळे, म्हणजे ०.३५४८. नऊ नंबरची भरली १७७.६, म्हणजे ०.३५५२. नऊ नंबर हा जामनेरकडून आलेला वाण, पांढराशुभ्र, दिसायला देखणा. दोघांत फरक एका तोळ्याच्या पाचव्या हिश्श्याचा. रेच्याच्या दांड्याला चिकटून राहते तेवढी रुई ती.

वहीत आठही आकडे चार घरांपर्यंत होते. ०.३३०७, ०.३३८५, ०.३५५२, ०.३४५०, ०.३०९६, ०.३५४८, ०.३६२९, ०.३४००. ते आता शेकड्यात मांडून वर पाठवायचे होते. काम काही अवघड नाही. शेकडा म्हणजे शंभरांत किती, म्हणून शंभराने गुणायचं. टिंब दोन घरं उजवीकडे सरकलं की झालं. ०.३३०७ चे ३३.०७. प्रश्न फक्त टिंबाच्या पुढे किती घरं ठेवायची एवढाच.

छापील नमुन्यात लिहिलं होतं, 'शेकडा प्रमाण'. किती घरं, ते लिहिलेलं नव्हतं. मी साहेबांना विचारायला गेलो. आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. घाईचे होते.

"रुपचंद, बैठकीत तक्ता वाचणारे लोक कलेक्टर आणि पेढीवाले. दशांश बघून त्यांचे डोळे फिरतात. तुला योग्य वाटेल तसं कर, पण एका नजरेत कळलं पाहिजे."

तुला योग्य वाटेल तसं कर. हे चार मार्च हंगामी काढलेल्या माणसाला सांगायचं नसतं. त्याला जे साहेबांना आवडेल तेच योग्य वाटतं. मी ठरवलं, पूर्णांक. एकही टिंब नाही. अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर वरचा आकडा, कमी असेल तर खालचा. ३३.०७ चे ३३. ३३.८५ चे ३४. नेमके ३४.५० आले होते, ते नियमाने ३५. ३०.९६ चे ३१. ३६.२९ चे ३६, ३४.०० चे ३४. नऊ नंबर ३५.५२, म्हणजे ३६. सतरा नंबर ३५.४८, म्हणजे ३५.

नियमात काही चूक नव्हती. आजही कोणी तपासावं. प्रत्येक आकडा त्याच्या जवळच्या पूर्णांकालाच गेला होता. फक्त दोन शेजारी एकमेकांना खेटून उभे होते आणि माझी रेघ नेमकी दोघांच्या मधून गेली.

मरीच्या रकान्याचंही तसंच केलं. प्रत्येक वाणाची दोन हजार झाडं मोजलेली होती. नऊ नंबरची नऊ मेली होती, ०.००४५, म्हणजे शेकडा ०.४५. सतरा नंबरचं एकही मेलं नव्हतं. ०.४५ अर्ध्याहून कमी, म्हणून शून्य. सतराचं तर शून्यच. तक्त्यात दोन गोल शून्यं एकाखाली एक बसली. एक खरं आणि एक मी केलेलं. दोन्ही सारख्याच सुबक अक्षरात.

साहेब तक्ता बघून खूश झाले. "याला म्हणतात तक्ता!" आणि मग म्हणाले, "एक रकाना आणखी घाल. एकरी रुई किती. शेवटी शेतकऱ्याच्या हातात काय पडतं ते त्यावरच ठरतं. टपाल चार वाजता जातं."

सव्वातीन वाजले होते. एकरी कापूस किती रतल, म्हणजे पौंड, ते माझ्यासमोर होतं. त्याला उताऱ्याने गुणलं की एकरी रुई. वही झुलालकडे होती, आणि झुलाल वही घेऊन मळ्याच्या पार त्या टोकाला वजनं जुळवत बसला होता. जायला यायला वीस मिनिटं. मी गेलो नाही. म्हटलं, शेकडा तर समोर आहेत. ज्या वाटेने आलो त्याच वाटेने परत जायचं. शंभराने गुणलं होतं, आता शंभराने भागायचं, टिंब दोन घरं डावीकडे. ३५ चे ०.३५. ३६ चे ०.३६.

वाट तीच होती, त्यात शंका नाही. पण जाताना मी काही वाटेत टाकलं होतं. ते परतताना आपोआप हातात कसं येणार? शंभराने भागून टिंब परत येतं, टाकलेले आकडे येत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. त्या क्षणी मला घड्याळ जास्त ठाऊक होतं.

सतरा नंबर, एकरी कापूस ५१४ रतल, गुणिले ०.३५, रुई १७९.९. नऊ नंबर, ५०२ रतल, गुणिले ०.३६, रुई १८०.७. बाकी सगळे बरेच खाली. वीस नंबरचा उतारा ३६ होता, पण त्याला कापूसच ४२१ रतल. साहेबांनी बोट नऊ नंबरवर ठेवलं. "मर दोघांत शून्य, उतारा एकाने जास्त, एकरी रुईही जास्त. मग विचार कसला?" त्यांनी शेरा लिहिला, सही केली, आणि तक्ता चारच्या टपालाने गेला.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, झुलालने वही आणून दिली. नक्कल करायला मी ती उघडली. ०.३५५२ आणि ०.३५४८ एका पानावर होते. मी सहज, खरोखर सहजच, पेन्सिलीने गुणाकार मांडला. ५१४ गुणिले ०.३५४८, म्हणजे १८२.३७. ५०२ गुणिले ०.३५५२, म्हणजे १७८.३१. पुन्हा केला. उलट बाजूने केला. सतरा नंबर चार रतलांनी पुढे होता. आणि खाली मरीच्या रकान्यात नऊ मेलेली झाडं एकीकडे आणि शून्य दुसरीकडे.

खोटं का बोलू, पहिला विचार आबांचा आला नाही. पहिला विचार आला की आता मार्च जवळ आलाय.

आमच्या मळ्याचा दुसरा नियम पहिल्यातूनच निघालेला. नापास झालेल्या वाणांचं बी कोणालाही परत द्यायचं नाही. सगळा कापूस एकत्र करून शनिवारी जिनिंगला पाठवायचा, सरकी तिथेच ढेप करायला जायची. शनिवारपर्यंत गोण्या नंबरांच्या चिठ्ठ्या बांधून गोदामात उभ्या असायच्या. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. माझ्याकडे दोन दिवस होते. साहेबांच्या खोलीत जायचं आणि चार वाक्यं बोलायची. एक तार गेली असती, तक्ता परत आला असता. साहेब ओरडले असते, पण आकड्यांपुढे त्यांचंही काही चाललं नसतं.

गुरुवारी साहेब दोंडाईच्याला गेले होते. हे खरं आहे आणि हे मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. पण शुक्रवारी ते होते. मी वही काखेत घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी मला आत बोलावलं, बसायला सांगितलं, आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. माझ्या कायम नेमणुकीची शिफारस. त्यात लिहिलं होतं, 'आकडेमोडीत अत्यंत काटेकोर.' साहेब हसत होते. "तुझं काय काम होतं?"

"काही नाही साहेब," मी म्हणालो. "वही दाखवायला आणली होती."

बाहेर येऊन ठरवलं, सोमवारी सांगू. शिफारस आजच्या टपालात जाऊ दे, मग सोमवारी सांगू. सोमवारी गोण्या असणार नाहीत हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी सोमवार ठरवला. माणूस स्वतःला किती गोड फसवतो!

संध्याकाळी गोदामात गेलो. सतरा नंबरच्या गोणीला टेकून उभा राहिलो. तोंड सुतळीने शिवलेलं होतं, कोपऱ्यातून कापसाचा एक पुंजका बाहेर आला होता. दोन ओंजळी काढून धोतराच्या सोग्यात घेतल्या असत्या तर कोण विचारणार होतं? झुलाल दारात बिडी ओढत होता. मी बाहेर आलो. शनिवारी सकाळी गाड्या फाटकाबाहेर गेल्या तेव्हा मी खिडकीतून बघितल्या. मग बसून कोऱ्या कागदावर रेघा आखल्या.

निकाल कळवायचं पत्र मीच लिहिलं. 'आपला वाण चाचणीत दुसरा आला असून रुईचा उतारा कमी आढळला.' आबा स्वतः आले. पत्र हातात होतं, कोणाकडून तरी वाचून घेतलं असावं.

"कितला कमी?" त्यांनी विचारलं.

"एक. शेकडा एक. त्याचे छत्तीस, तुमचे पस्तीस."

"अनि मर?"

"दोघांत शून्य."

त्यांनी पत्राची घडी घातली. मग म्हणाले, "तवय बराबर शे." आणि पागोटं सारखं करून गेले. बी परत मागितलं नाही. मागून मिळणार नाही हे त्यांना मीच तीन वर्षांपूर्वी सांगून ठेवलं होतं. एप्रिलात मी कायम झालो. घरी सत्यनारायण घातला.

नऊ नंबरचं बी चौतीसपासून खानदेशभर वाटलं. पहिली दोन वर्षं लोकांनी वाखाणलं. आमच्या मळ्याची जमीन निरोगी, तिथे दोन हजारांत नऊ मेली होती. रोगट जमिनीत हिशेब निराळा. सदतीसला शिंदखेडा, साक्री, पिंपळनेरकडून तक्रारी यायला लागल्या, आणि अडतीसला तर विचारू नका. त्या तक्रारींचे तक्ते माझ्याच टेबलावर यायचे. ०.४१, ०.५३, ०.३८. मेलेल्या झाडांचं प्रमाण. शेकड्यात मांडा, म्हणून खाली शेरा. आता मी दोन घरं ठेवत होतो, न सांगता. साहेब बदलून गेले होते. नवीन साहेब एकदा म्हणाले, "मरीला टिकणारा एखादा गावठी वाण मिळाला तर बघा." मी हो म्हणालो आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

एकोणचाळीसच्या जानेवारीत मी आबांच्या गावी गेलो. कोणी पाठवलं नव्हतं. सात वर्षं छातीवर बसलेलं ओझं एकदा उतरवायचं होतं. धुळ्याहून शिंदखेड्याला सर्व्हिस मोटार, पुढे एका बैलगाडीत बसून. आबा ओट्यावर होते. पागोटं नव्हतं, केस पांढरे झाले होते. समोर त्यांचंच वावर, त्यात आमचं नऊ नंबर उभं होतं. अर्ध्याहून जास्त काड्या.

"या मास्तर!" ते इतक्या आनंदाने उठले की मला परत फिरावंसं वाटलं. "भिकुबाई, धुयाना मास्तर उनात! चहा मांड!"

भिकुबाई अक्का दारात आल्या, माझ्याकडे पाहिलं, आत गेल्या. आबा बोलतच राहिले. आता वावरात काही बघत नाही, पोरं बघतात. झाडं निवडणं सोडलं. त्या वर्षी तुमचं पत्र आलं, तेव्हापासून सोडलं. आपल्या डोळ्यांना झाडातलं बरंवाईट कळत नाही असं समजलो.

"नऊ वरीस एक झाडना मांगे लागनू, अनि ते पस्तीसच निंघनं," ते हसले. "गावले हसाले कारन व्हयनं. जाऊ द्या. ज्याले जे समजत नही त्यानी ते करू नये."

मी म्हणालो, "आबा, तुम्हाला समजत होतं."

आणि मग मी सगळं सांगितलं. काडीने ओट्याखालच्या धुळीत आकडे काढले. त्यांना टिंबापुढचे आकडे येत नव्हते, म्हणून तोळे आणि तोळ्याचे दहावे भाग करून सांगितलं. पाचशे तोळे कापूस. तुमची रुई १७७ तोळे आणि वर चार दशांश, त्याची १७७ आणि वर सहा दशांश. मी शेकडा काढताना तुमचे पस्तीस केले आणि त्याचे छत्तीस. मग तेच पस्तीस-छत्तीस खरे धरून उलट मोजलं. पाचशे तोळ्यांचे पस्तीस टक्के म्हणजे १७५. छत्तीस टक्के म्हणजे १८०. तुमच्या रुईतले अडीच तोळ्यांच्या जवळपास मी कागदावर उडवले आणि त्याच्या रुईत तेवढेच घातले. रेच्यातून न निघालेली रुई. खऱ्या हिशेबाने एकरी चार रतल तुमचा वाण पुढे होता. आणि मर, त्याची नऊ झाडं मेली होती. तुमचं एक नाही. ते नऊचं शून्य मी केलं.

ते धुळीकडे बघत होते. त्यांनी बोटाने १७७ वर दोनदा टोचलं. "चार, अनि सा," ते म्हणाले. "म्हंजे दोन. दोन दशांश."

"होय. एका तोळ्याचा पाचवा भाग."

"तुमले कवय समजनं?"

हे ते विचारतील याची तयारी मी केली नव्हती. मोटारीत बसून सगळी वाक्यं जुळवली होती, हे सोडून. "दुसऱ्याच दिवशी," मी म्हणालो. "गोण्या गोदामात होत्या. दोन दिवस होते. माझी नोकरी कायम व्हायची होती, आबा. मी बोललो नाही."

मला वाटलं ते मारतील. खरं तर मारावं असं वाटत होतं, मग बरं वाटलं असतं. अक्का चहा घेऊन दारात उभ्या होत्या. किती ऐकलं होतं कोण जाणे. पेला खाली ठेवला नाही, हातातच धरून राहिल्या.

आबांनी हळूच विचारलं, "आते बी शे का? थोडं? मूठभर?"

"नाही."

"कोठेच?"

"कोठेच नाही. सगळं तुम्ही मला दिलं होतं."

ते वावराकडे बघायला लागले. सुकलेल्या काड्या वाऱ्याने एकमेकींवर वाजत होत्या. मी हात जोडले, माफी मागितली, पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. रागाने नाही. नको असलेलं पाणी अंगावर येऊ नये म्हणून घेतो तसे.

"मास्तर," ते म्हणाले, "सात वरीस मी असं धरीसन बसनू व्हतू, का बी खोटं व्हतं. खोटं व्हतं म्हनीसन गयं. खोटं जास, त्यानं काय दुख?" त्यांचा आवाज चढला नाही. "आते तुम्ही सांगतस, ते खरं व्हतं. अनि ते कोठेच नही. मग माले कसाले सांगं? तुमनं हलकं व्हयनं. मी आते हाई कोठे ठेवू?"

अक्कांनी पेला दारातल्या कोनाड्यात ठेवला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. दोघं वावराकडे तोंड करून बसून राहिले. मी परत निघालो. गावाच्या वेशीपर्यंत कोणी हाक मारली नाही.